एस्टर ६७ टक्क्यांवर का अडकतं आणि ते पुढे कसं ढकलायचं: ब्युटाइल ॲसिटेट बनवताना समजून घेऊ

ॲसिड घेतलं, अल्कोहोल घेतलं, दोन थेंब सल्फ्युरिक टाकलं, रिफ्लक्स लावला आणि तासाभराने वास पण मस्त आला, पण वर्कअप करून वजन केलं की हातात येतं निम्म्याच्या जरा वर, आणि मग बऱ्याच जणांना वाटतं की अजून दोन तास उकळलं असतं तर झालं असतं. नसतं झालं. दोन तास काय, दोन दिवस उकळलं तरी आकडा तिथेच राहिला असता, कारण रिॲक्शन थांबलेली नसते, ती दोन्ही बाजूंनी सारख्याच स्पीडने चालू असते. एस्टर बनतंय आणि शेजारीच पाणी एस्टरला फोडून परत ॲसिड आणि अल्कोहोल करतंय. हा इक्विलिब्रियम नीट समजला की यील्ड वाढवायचे दोनच खरे रस्ते दिसतात: अल्कोहोल जास्त घ्या, नाहीतर पाणी बाहेर काढा. कुठला रस्ता कधी घ्यायचा आणि प्रत्यक्ष कसा, ते आपण ब्युटाइल ॲसिटेट धरून बघू.

आधी थोडं गणित, घाबरू नका

१८६२ च्या सुमारास फ्रान्समध्ये बर्तलो आणि पेआं द सँ-जिल या दोघांनी ॲसिटिक ॲसिड आणि इथेनॉल समान मोल घेऊन बघितलं, तर साधारण दोन तृतीयांश एस्टर झालं की गाडी थांबते. मग त्यांनी उलटं केलं, एस्टर आणि पाणी समान मोल घेतले, तर एक तृतीयांश फुटून परत तिथेच येऊन थांबलं. दोन्हीकडून त्याच जागी येतं म्हणजे ती जागाच ठरलेली आहे. पुढे नॉर्वेच्या गुल्डबर्ग आणि वागे यांनी जो मास ॲक्शनचा नियम मांडला त्यात या प्रयोगांचा मोठा हात होता.

दोन तृतीयांशवरून K, म्हणजे इक्विलिब्रियम कॉन्स्टंट, काढणं सोपं आहे. एक मोल ॲसिड, एक मोल अल्कोहोल घेतलं, x मोल एस्टर झालं तर पाणीपण x मोल होणार. व्हॉल्यूम वर-खाली दोन्हीकडे येतं म्हणून कटतं, त्यामुळे सरळ मोल टाकले तरी चालतात.

```
K = (ester × water) / (acid × alcohol)
  = (2/3 × 2/3) / (1/3 × 1/3) = 4
```

हा ४ म्हणजे काही देवाने दिलेला आकडा नाही, अल्कोहोलप्रमाणे बदलतो, पण ॲसिटिक ॲसिड आणि सरळ साखळीच्या प्रायमरी अल्कोहोलसाठी ४ च्या आसपास धरून हिशोब करायला हरकत नाही. सेकंडरी अल्कोहोलला कमी येतो, टर्शरीला तर इतका कमी की हा रस्ताच सोडून द्यावा, वर ॲसिडमध्ये ते अल्कोहोल स्वतःतलं पाणी गमावून अल्कीन होऊन उडून जातं ते वेगळंच.

इथे दोन गैरसमज लगेच काढून टाकू. एक, कॅटॅलिस्ट. सल्फ्युरिक किंवा पीटीएसए, म्हणजे पॅरा-टोल्युइन सल्फॉनिक ॲसिड, टाकल्याने K बदलत नाही, ते जाण्याची आणि येण्याची दोन्ही रिॲक्शन सारख्याच पटीने फास्ट करतं. कॅटॅलिस्टशिवाय साध्या तापमानाला हेच मिश्रण महिनेच्या महिने तसंच रेंगाळतं, तेच कॅटॅलिस्टने तासाभरात पोचतं, पण पोचतं त्याच ठिकाणी. फिशर आणि श्पायर यांनी १८९५ मध्ये दाखवलं ते हेच, की थोडंसं खनिज ॲसिड पुरतं, ढीगभर लागत नाही. दोन, तापमान. या रिॲक्शनमध्ये उष्णता जवळजवळ ना घेतली जाते ना सोडली जाते, त्यामुळे गरम केल्याने इक्विलिब्रियम फारसा हलत नाही. आपण उकळतो ते स्पीडसाठी, आणि पाणी काढायचं असेल तर ते वाफेने बाहेर नेण्यासाठी.

मग तुम्ही विचाराल की जुन्या प्रॅक्टिकलच्या वहीत तीन-चार एमएल कॉन्क सल्फ्युरिक का लिहिलेलं असतं, थेंबभर पुरतं ना? कारण जास्तीचं कॉन्क सल्फ्युरिक पाणी पकडून ठेवतं, म्हणजे ते तिथे कॅटॅलिस्टपण असतं आणि ड्राइंग एजंटपण. काम होतं, पण फुकट होत नाही, त्याचं पुढे सांगतो.

रस्ता पहिला: अल्कोहोल जास्त घेणं

एक मोल ॲसिडला n मोल अल्कोहोल घेतलं तर समीकरण असं होतं:

```
x² / ((1 - x)(n - x)) = 4
```

सोडवून बघा, मजा आहे. n एक असेल तर ६७ टक्के. दोन केलं की ८४.५. तीन केलं की ९०. पाच केलं तर ९४.५, आणि दहापट घेतलं तर ९७. म्हणजे पहिलं जादा मोल टाकलं तेव्हा जवळपास १८ टक्के मिळाले, आणि पाचावरून दहावर गेलो, तब्बल पाच मोल अल्कोहोल ओतलं, तर मिळाले फक्त तीन टक्के. या रस्त्याचा स्वभावच असा आहे, सुरुवातीला भरभरून देतो आणि नंतर चिंगूसपणा करतो.

त्यामुळे प्रश्न असा विचारायचा की हे जादा अल्कोहोल नंतर काढणार कसं आणि ते किती स्वस्त आहे. मिथाइल बेंझोएटला उत्तर सोपं आहे. १२.२ ग्रॅम बेंझोइक ॲसिड म्हणजे ०.१ मोल, त्याला ४० एमएल मिथेनॉल म्हणजे जवळपास दहापट, ३ एमएल कॉन्क सल्फ्युरिक थंड करत करत हळूहळू, आणि दीड-दोन तास रिफ्लक्स. मिथेनॉल ६५ डिग्रीला उडतं, एस्टर १९९ डिग्रीला, म्हणजे जादा मिथेनॉल रोटरी इव्हॅपोरेटरवर किंवा साध्या डिस्टिलेशनने निघून जातं आणि उरलेलं पाण्यात धुतलं जातं. न झालेलं बेंझोइक बायकार्बोनेटमध्ये जातं, ते नंतर एचसीएलने परत पाडून वजन केलं की किती रिॲक्ट झालं नाही तेपण कळतं. शिवाय इथे दुसरा रस्ता बंदच आहे, कारण मिथेनॉल पाण्याच्या आधी उडतं आणि पाण्यात पूर्ण मिसळतं, वाफ थंड केली तर थर वेगळे होतच नाहीत.

अजून एक गोष्ट, जादा अल्कोहोल घ्यायचं तर कोरडं घ्या. इथेनॉल तीन मोल घेतलं आणि ते ॲब्सोल्यूट नसून साधं रेक्टिफाइड स्पिरिट असेल, तर त्याच्यासोबत मोलच्या एक तृतीयांशाहून जरा जास्त पाणी आपणच आत टाकतो. हिशोब केला तर ९० च्या जागी ८७ येतात. फरक फार मोठा वाटत नाही, पण तो भरून काढायला तुम्हाला अजून अल्कोहोल टाकावं लागणार, आणि त्याच्यासोबत अजून पाणी येणार.

आता ब्युटाइल ॲसिटेटला हाच रस्ता लावून बघा. ब्युटेनॉल उकळतं ११८ ला, एस्टर १२६ ला. आठ डिग्रीचा फरक, शिवाय दोघांचा मिळून ११७ च्या आसपास उकळणारा अझिओट्रोप होतो, म्हणजे असं मिश्रण की ज्यातले घटक ठरलेल्या प्रमाणात एकत्रच उडतात. ब्युटेनॉल पाण्यातपण फारसं विरघळत नाही, धुवून जाणार नाही. दहापट घेतलंत तर तुमचं एस्टर ब्युटेनॉलच्या समुद्रात पडलेलं असणार आणि ते वेगळं करायला लांबलचक कॉलम लागणार. म्हणून इथे अल्कोहोल जास्त घेणं म्हणजे एक दुखणं घालवून दुसरं आणणं. इथे दुसरा रस्ता.

रस्ता दुसरा: पाणी काढत राहणं

पाणी काढलं की परत फिरणारी रिॲक्शन उपाशी राहते. पण किती काढलं तर किती फायदा, हे आकड्यात बघितल्याशिवाय पटत नाही. दोन्ही एक-एक मोल घेतले, आणि फ्लास्कमध्ये पाणी फक्त ०.०५ मोल शिल्लक ठेवलं तर एस्टर ८९ टक्के. ०.०१ मोलपर्यंत खाली आणलं तर ९५. आपलं खालचं उदाहरण पाव मोलचं आहे, तिथे हे ०.०१ चं पाव म्हणजे किती, तर ४५ मिलिग्रॅम, म्हणजे एक थेंब! पूर्ण फ्लास्कमध्ये एक थेंब पाणी राहिलं तरी पाच टक्के माल परत मागे. म्हणून शेवटचा थेंब महत्त्वाचा असतो, आणि म्हणूनच लोक शेवटची पंधरा मिनिटं कंटाळून बंद करतात तिथे यील्ड जातं.

आता दोन्ही रस्ते थोडे-थोडे एकत्र करा. एक रिएजंट फक्त दहा टक्के जास्त घेतला आणि पाणी काढलं नाही, तर ६७ चे ७० होतात, म्हणजे काहीच नाही. पण दहा टक्के जास्त घेऊन पाणीपण त्याच एका थेंबापर्यंत आणलं तर ९५ चे ९८ होतात. पाणी गेलेलं असताना छोटा एक्सेस खूप जोरात काम करतो. माझ्या मते या अख्ख्या विषयात लक्षात ठेवायचा आकडा असेल तर हा.

आणि एक्सेस कोणाचा? इथे ॲसिडचा. समीकरणाला काही फरक पडत नाही, ॲसिड आणि अल्कोहोल दोन्ही खालीच आहेत. पण उरलेलं ॲसिटिक ॲसिड बायकार्बोनेटच्या धुण्यात दोन मिनिटांत जातं आणि उरलेलं ब्युटेनॉल शेवटपर्यंत पिच्छा सोडत नाही. जे काढायला सोपं तेच जास्त घ्यायचं.

डीन-स्टार्क कसं काम करतं

डीन आणि स्टार्क यांनी १९२० मध्ये हे ट्रॅप पेट्रोलियममधलं पाणी मोजायला काढलं होतं, पण सिंथेसिसवाल्यांनी ते उचललं. फ्लास्क आणि कंडेन्सरच्या मध्ये बसणारी बाजूची एक नळी, खाली कॉक, त्यावर एमएलच्या खुणा. वाफ वर जाते, कंडेन्सरमध्ये थंड होऊन नळीत पडते, तिथे पाणी खाली बसतं आणि वरचा ऑरगॅनिक थर भरून परत फ्लास्कमध्ये ओघळतो.

बऱ्याचदा यासाठी टोल्युइन टाकतात, पण ब्युटाइल ॲसिटेटला बाहेरचं सॉल्व्हंट लागतच नाही. एस्टर, ब्युटेनॉल आणि पाणी या तिघांचा मिळून ९१ डिग्रीच्या जवळ उकळणारा अझिओट्रोप होतो, आणि त्यात पाणी वजनाने चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त असतं. म्हणजे रिॲक्शनचा मालच पाण्याला उचलून बाहेर नेतो. थंड झाल्यावर एस्टर आणि ब्युटेनॉल वर, पाणी खाली. याउलट इथाइल ॲसिटेटचा तसाच तिघांचा अझिओट्रोप ७० डिग्रीला निघतो खरा, पण त्यात पाणी फक्त नऊ टक्क्यांच्या आसपास, बाकी बहुतेक सगळं एस्टरच, त्यामुळे काचेच्या छोट्या ट्रॅपमध्ये ते जमत नाही. महाडसारख्या ठिकाणी उसाच्या मळीच्या अल्कोहोलपासून इथाइल ॲसिटेट टनांनी बनतं, तिथे हे काम कॉलम करतात, ते आपल्या टेबलावरचं नाही.

प्रत्यक्ष करताना

माल असा: १-ब्युटेनॉल १८.५ ग्रॅम, म्हणजे २३ एमएल, ०.२५ मोल. ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड १६.५ ग्रॅम, साधारण १५.७ एमएल, ०.२७५ मोल. पीटीएसए अर्धा ग्रॅम. पीटीएसए नसेल तर कॉन्क सल्फ्युरिकचे चार-पाच थेंब, पण शक्य असेल तर पीटीएसएच घ्या, त्याने माल काळा पडत नाही. पूर्ण रिॲक्शन झाली तर पाणी निघणार ०.२५ मोल म्हणजे ४.५ एमएल, आणि एस्टर २९ ग्रॅम. हे दोन आकडे वहीत वरच लिहून ठेवा, पुढे सारखे लागतात.

१०० एमएलचा राउंड बॉटम फ्लास्क पूर्ण कोरडा करून घ्या. आधी ब्युटेनॉल आणि ॲसिटिक ॲसिड, मग पीटीएसए, मग मॅग्नेटिक बार किंवा दोन-तीन पोर्सेलिनचे तुकडे. सल्फ्युरिक वापरत असाल तर ते सगळ्यात शेवटी आणि हलवत हलवत. हीटिंग मँटल किंवा ऑइल बाथ वापरा, बर्नर नको, ब्युटेनॉलची वाफ पेट घेते. फ्यूम हूड, गॉगल, हातमोजे हे सांगायची गरज नसावी पण सांगतो, ग्लेशियल ॲसिटिक कातडीवर पडलं की भाजतं आणि ते लगेच जाणवत नाही.

आता ट्रॅपची एक युक्ती, जी लहान स्केलवर फार महत्त्वाची आहे. ट्रॅप रिकामा ठेवला तर तो भरेपर्यंत काहीही परत फ्लास्कमध्ये जात नाही, आणि दहा एमएलचा ट्रॅप असेल तर तुमचा जवळपास एक चतुर्थांश माल तिथेच लटकून राहील. म्हणून आधी ट्रॅप पाण्याने काठोकाठ भरायचा, इतका की अजून थेंब टाकला तर फ्लास्कमध्ये सांडेल, आणि मग खालच्या कॉकने सहा एमएल काढून घ्यायचं. ४.५ अपेक्षित आहे, वर थोडी जागा ऑरगॅनिक थराला. पाण्याची पातळी कुठल्या खुणेवर आहे ते मार्करने काचेवर लिहा. इथून पुढे जेवढी वर चढेल तेवढं पाणी निघालं.

कंडेन्सर लावा, पाणी चालू करा, गरम करायला घ्या. फ्लास्क उकळतोय पण ट्रॅपमध्ये काहीच येत नाही असं झालं तर नव्वद टक्के वेळा उष्णता कमी असते, वाफ नळी चढायच्या आधीच थंड होऊन खाली पडते. फ्लास्कच्या वरचा भाग आणि ट्रॅपकडे जाणारी आडवी नळी ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा, खाली थोडी काचेची लोकर असेल तर अजून चांगलं. एवढ्याने लगेच फरक पडतो.

सुरुवातीला पाणी भराभर येईल, वीस-पंचवीस मिनिटांत बरंचसं निघतं, आणि नंतर थेंबाथेंबाने. ट्रॅपमध्ये पडताना कंडेन्सेट गढूळ दिसतं, दुधाळ थेंब वरच्या थरातून खाली जातात. हा गढूळपणा म्हणजे अजून पाणी येतंय. कंडेन्सेट स्वच्छ, पारदर्शक पडायला लागलं आणि पातळी पंधरा-वीस मिनिटं हललीच नाही, की संपलं. कंडेन्सरच्या आतल्या भिंतीला पाण्याचे थेंब चिकटून बसतात, अधूनमधून हलकेच टकटक करा नाहीतर रीडिंग कमी दिसतं. फ्लास्कमध्ये थर्मामीटर असेल तर अजून एक खूण मिळते: पाणी आहे तोपर्यंत तापमान खाली राहतं आणि पाणी संपत जाईल तसं ते वर सरकत १२० च्या पुढे जातं.

ट्रॅपचं रीडिंग वाचायचं कसं

इथे लोक फसतात. ४.५ एमएल अपेक्षित आणि ट्रॅपमध्ये ४.९ आलं, म्हणजे १०९ टक्के यील्ड? नाही हो. खालचा थर शुद्ध पाणी नसतं, त्यात थोडं ब्युटेनॉल आणि वाफेबरोबर आलेलं ॲसिटिक ॲसिड विरघळलेलं असतं, त्यामुळे व्हॉल्यूम जरा जास्तच दिसतं. रिएजंट ओलं असेल तर तेही पाणी इथेच येतं. म्हणून ट्रॅपचा आकडा यील्ड म्हणून घेऊ नका, त्याची पातळी हलायची थांबली का एवढंच बघा.

खरा आकडा हवा असेल तर टायट्रेशन करा. गरम करायच्या आधी मिश्रणातून बरोबर एक एमएल पिपेटने काढून थोड्या गार इथेनॉलमध्ये टाका आणि ०.५ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने फिनॉल्फथॅलिन घालून बघा, साधारण १४ एमएल लागेल. पीटीएसएचा वाटा त्यात फार नाही, दशांश-दीड दशांश एमएल. पाणी न काढता नुसता रिफ्लक्स केला असता तर हाच आकडा पाच एमएलच्या आसपास येऊन अडकला असता. डीन-स्टार्कने शेवटी दोन एमएलच्या खाली यायला पाहिजे, शून्य कधीच होणार नाही कारण दहा टक्के ॲसिड आपणच जास्त घेतलंय. टायट्रेशन पटकन करा, आणि पहिला गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबा, कारण अल्कलीत एस्टर हळूहळू फुटतं आणि रंग परत उडतो, त्याच्या मागे लागलात तर बुरेट रिकामं होईल.

आता परत ट्रॅपकडे. ट्रॅपचं रीडिंग तीन एमएलवरच थांबलं तर? उष्णता आणि फॉइल बघून झालं असेल तर कॅटॅलिस्ट टाकलं का ते आठवा, हसू नका, होतं असं. आणि उलट सहाच्या वर चाललंय, थांबतच नाहीये, फ्लास्क तपकिरी झालाय, तर समजा सल्फ्युरिक जास्त पडलंय आणि ब्युटेनॉलचे दोन रेणू एकत्र येऊन डायब्युटाइल ईथर होतंय. त्यातूनही पाणीच निघतं, त्यामुळे ट्रॅपकडे बघून सगळं छान चाललंय असं वाटतं. वर म्हटलं ना, जास्तीचं सल्फ्युरिक फुकट काम करत नाही, ते हे. ते ईथर १४२ ला उकळतं, डिस्टिलेशनमध्ये शेवटी मागे राहिलेलं सापडेल.

वर्कअप: इथे घाई केली की मिळवलेलं परत जातं

फ्लास्क थंड झाला की लगेच डिस्टिलेशनला लावायचा मोह होतो, पण आधी ॲसिड काढा. विचार करा, फ्लास्कमध्ये अजून पीटीएसए आहे, ट्रॅपमधलं थोडं पाणी उलटं आत गेलं, आणि तुम्ही गरम केलं. इक्विलिब्रियमला तुम्ही वर्कअप करताय हे माहीत नसतं, तो परत मागे चालायला लागतो. कॅटॅलिस्ट आणि पाणी दोन्ही एकत्र असताना गरम करायचं नाही, एवढा नियम पाळा.

ट्रॅपमधला वरचा थर टाकून देऊ नका, त्यात एस्टर आहे. पाणी खालून सोडून द्या आणि वरचा थर फ्लास्कमधल्या मालासोबत सेपरेटिंग फनेलमध्ये घ्या. २५ एमएल पाण्याने एकदा धुवा, बरंचसं ॲसिटिक ॲसिड यातच जातं. एस्टर पाण्यापेक्षा हलकं आहे, वर राहतं, खालचा थर सोडायचा. मग पाच टक्के सोडियम बायकार्बोनेटचे २५ एमएल. इथे सावकाश, आधी झाकण न लावता नुसतं गोल फिरवा, फेस बसू द्या, मग झाकण लावून एकदा उलटं करा आणि लगेच कॉक उघडून गॅस सोडा, तोंड स्वतःकडे किंवा शेजाऱ्याकडे नको. एकदा धुऊन पुरत नाही, दुसऱ्यांदा परत घ्या, फेस यायचा थांबला आणि लिटमसवर ॲसिड दिसलं नाही की झालं. लवकर होईल म्हणून सोडियम हायड्रॉक्साइड वापरू नका, ते ॲसिड काढता काढता एस्टरपण फोडतं. शेवटी मिठाच्या संपृक्त पाण्याने एकदा, त्याने विरघळलेलं पाणी बरंच कमी होतं.

आता कोनिकल फ्लास्कमध्ये दोन-तीन ग्रॅम ॲनहायड्रस सोडियम सल्फेट. सगळं गोळा होऊन तळाला चिकटलं तर अजून थोडं टाका, काही दाणे मोकळे फिरताना दिसले पाहिजेत. सोडियम सल्फेट आळशी आहे, त्याला पंधरा-वीस मिनिटं द्या. मग गाळून कोरड्या फ्लास्कमध्ये डिस्टिलेशन.

डिस्टिलेशनचा थर्मामीटर सगळं खरं सांगतो. ९० च्या आसपास गढूळ थेंब यायला लागले तर ड्राइंग कमी पडलं, तो भाग वेगळा ठेवा, परत सुकवून पुन्हा लावता येतो. ११७ ला बराच वेळ रेंगाळलं तर ब्युटेनॉल शिल्लक आहे, म्हणजे पाणी पूर्ण निघायच्या आधीच तुम्ही थांबवलं होतं. सगळं नीट असेल तर सुरुवातीचा थोडासा भाग, म्हणजे फोररन, जाऊन १२३ ते १२६ मध्ये बहुतेक माल निघतो. पुण्यासारख्या साडेपाचशे मीटर उंचीच्या गावात असाल तर हवेचा दाब कमी, सगळे आकडे साधारण दोन डिग्री खाली दिसतील, थर्मामीटर बिघडला असं समजून बदलू नका.

समजा हातात २४.५ ग्रॅम आलं. २९ पैकी म्हणजे ८४ टक्के. मग गणितातले ९८ कुठे गेले? टायट्रेशन दोनच्या खाली आलं असेल तर रिॲक्शनने आपलं काम केलंय, बाकीचं फनेलच्या भिंतीवर, धुण्याच्या पाण्यात, सोडियम सल्फेटला चिकटून, फोररनमध्ये आणि डिस्टिलेशन फ्लास्कच्या तळाला आहे. रिॲक्शन अर्धवट राहिल्याचा आणि हाताळणीतला, हे दोन तोटे वेगळे ओळखणं गरजेचं आहे, कारण पहिल्यावर इलाज पाणी काढणं आहे आणि दुसऱ्यावर इलाज फक्त हात आणि स्केल, मोठ्या बॅचमध्ये तोच टक्का आपोआप सुधारतो. टायट्रेशन न करता फक्त शेवटचं वजन बघणारा माणूस पुढच्या वेळी उगाच अजून ॲसिड नाहीतर अजून तास वाढवत बसतो.

ट्रॅप चालत नसेल तेव्हा

मिथेनॉल, इथेनॉलला डीन-स्टार्क नाही हे वर आलंच. तिथे अल्कोहोल जास्त घेणं हा पहिला पर्याय, आणि ॲसिड महाग असेल, शेवटचे दोन-तीन टक्केही सोडायचे नसतील, तर मॉलिक्युलर सिव्ह्ज. ३ अँगस्ट्रॉमचे घ्या, त्याच्या भोकात पाणी शिरतं पण इथेनॉल शिरत नाही, आणि मिथेनॉल असेल तर ४ अँगस्ट्रॉमचे तर नकोतच कारण ते मिथेनॉलही आत घेतात. वापरायच्या आधी सिव्ह्ज ओव्हनमध्ये चांगले तापवून घ्यावे लागतात, डब्यातून काढून तसेच टाकले तर ते आधीच पाणी पिऊन बसलेले असतात. आणि ते थेट ॲसिडच्या मिश्रणात टाकू नका, ॲसिडने त्यांचा भुगा होतो आणि कॅटॅलिस्टपण कमी होतं. सॉक्सलेटच्या थिंबलमध्ये ठेवा, म्हणजे फक्त वर आलेलं कंडेन्सेट त्यांच्यातून जाईल आणि कोरडं होऊन परत फ्लास्कमध्ये पडेल.